पुरणपोळी तव्यावर फुटते ती का? आच, तूप आणि उलटण्याची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी मापं एका ठरावीक पोळीची आहेत: ४० ग्रॅम मळलेली कणीक, ६० ग्रॅम पुरण, लाटून साधारण १८ सेंटिमीटरची. पाव किलो हरभऱ्याची डाळ आणि पाव किलो गूळ घेतला की अशा बाराएक पोळ्या होतात. तवा लोखंडी, २६ सेंटिमीटरचा, इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत रोजच्या पोळ्यांना असतो तसा. पोळी मोठी किंवा जाड असेल तर सेकंद बदलतील, क्रम बदलणार नाही.

लाटताना पोळी अगदी नीट होती. तव्यावर गेल्यावरच का फुटली?

गार पुरण घट्ट असतं, कारण त्यातला गूळ गार झाल्यावर डाळीला धरून बसतो. तव्यावर पोळी पडली की हाच गूळ पाघळतो, पुरण सैल होतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते. त्याच वेळी बाहेरची पारी मात्र अजून कच्चीच असते. खालची पारी आधी शिजून घट्ट झाली, तर वाफ आत कोंडते आणि पोळी फुगते. पुरण आधी सैल झालं, तर वाफ पारीतली कमकुवत जागा शोधते आणि तिथून पुरणही घेऊन बाहेर पडते. आच, तूप आणि उलटणं या तिन्हींचे नियम यातूनच निघतात: पहिल्या चाळीस सेकंदांत पारी धरली पाहिजे.

पोळी कुठे फुटली यावरून चूक ओळखता येते. काठाला फुटली असेल तर लाटताना पुरण काठाकडे ढकललं गेलं आहे, किंवा तवा गार होता. मधोमध बारीक भोक पडून पुरण डोकावत असेल, तर पुरणात डाळीचा अख्खा कण राहिला आहे किंवा पारी तिथे पातळ झाली आहे. चंद्रकोरीसारखी लांबट चीर दिसली, तर ती उलथन्याची खूण आहे, म्हणजे पोळी लवकर उलटली.

तवा किती तापलेला हवा आणि ते कळायचं कसं?

आकड्यात सांगायचं तर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण घरात ते पाण्याच्या थेंबावरून कळतं. तवा मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्या. मग बोटांनी चार थेंब शिंपडा. थेंब चुर्र आवाज करून एक-दोन सेकंदांत उडून गेले की तवा तयार आहे. थेंब सावकाश बुडबुडे काढत बसले तर अजून गार आहे. थेंबांचे मोती होऊन ते तव्यावर पळायला लागले, तर तवा फार तापला आहे. अशा वेळी आच बंद करून तो मिनिटभर तसाच राहू द्या. वर पाणी ओतून गार करू नका, बिडाचा तवा त्याने तडकू शकतो.

थेंबावर विश्वास नसेल तर चिमूटभर कोरडी कणीक टाकून बघा. पंधरा-वीस सेकंदांत ती बदामी व्हायला हवी. टाकल्याटाकल्या काळी पडून धूर आला तर पोळीचंही तेच होणार आहे. परीक्षा झाली की ती कणीक पुसून काढा. ती तव्यावर राहिली तर पहिल्याच पोळीला काळे ठिपके येतात.

मंद आचेवर भाजली तर पोळी सुरक्षित राहील ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. मंद आचेवर पारी शिजायला वेळ लागतो, पण पुरण तेवढ्या वेळात पाघळून जातं. मग कच्ची, ओलसर पारी तव्याला चिकटते आणि उलटताना फाटते. फाटली नाही तरी इतका वेळ तव्यावर राहून ती वाळते आणि गार झाल्यावर चामड्यासारखी चिवट लागते.

मोठी आच दुसऱ्या बाजूने बिघडवते. डाग भराभर पडतात, त्यामुळे पोळी झाली असं वाटतं, पण पुरणाला लागून असलेला पारीचा आतला थर कच्चाच राहतो. शिवाय वाफ एकदम होते आणि काठ उसवतो. म्हणून पहिली बाजू मध्यम आचेवर, तुपाची बाजू खाली गेल्यावर आच थोडी कमी. गॅसचं बटण कुठल्या आकड्यावर ठेवायचं हे सांगून उपयोग नाही. नळाच्या गॅसची ज्योत आणि सिलिंडरची ज्योत एकाच खुणेवर सारखी नसते, शेगडीचा बर्नरही लहान-मोठा असतो.

पहिल्यांदा नेमकं कधी उलटायचं?

तवा बरोबर तापला असेल तर पस्तीस ते चाळीस सेकंदांनी. पण घड्याळापेक्षा पोळीकडे बघत राहा, ती स्वतः सांगते.

पोळी टाकल्यावर दहा-बारा सेकंदांनी वरच्या बाजूचा पांढरट ओलेपणा कमी होऊन रंग थोडा गडद दिसायला लागतो. हा बदल काठाकडून मध्याकडे सरकतो. वीस-पंचवीस सेकंदांनी वर बारीक फोड येतात, आधी मोहरीएवढे, मग हरभऱ्याएवढे. तीन-चार ठिकाणी असे फोड दिसले की तव्याची मूठ धरून हलका झटका द्या. पोळी तव्यावर घसरली तर खालची पारी धरली आहे, उलटा. जागची हलली नाही, तर अजून पाच-सात सेकंद थांबा आणि पुन्हा झटका द्या. न घसरणाऱ्या पोळीखाली उलथनं घातलं की बहुतेक वेळा चीर पडतेच.

उलटल्यावर दिसणारी बाजू फिक्या रंगाची, मधे मधे बदामी ठिपके असलेली हवी. ती पूर्ण बदामी असेल तर उशीर झाला आहे. त्याने पोळी फुटत नाही, पण कडक होते.

तूप पोळी टाकण्याआधी तव्यावर सोडायचं की नंतर?

नंतर, पहिल्यांदा उलटल्यावरच. तव्यावर आधी तूप सोडलं की दोन गोष्टी होतात. लाटताना लागलेली कोरडी पिठी तुपात तळली जाऊन काळी पडते आणि पुढच्या प्रत्येक पोळीला चिकटते. दुसरं म्हणजे कच्ची पारी तुपावर पडली की मऊच राहते, तिला कोरडी, घट्ट पापडी येत नाही. वाफेला अडवून धरायला हीच पापडी लागते.

डोशाच्या सवयीमुळे अनेक जण आधी तूप घालतात. पण डोसा पातळ पिठाचा असतो आणि आत काही कोंडलेलं नसतं. नॉनस्टिक तव्यावरही पुरणपोळीची पहिली बाजू कोरडीच भाजावी. पहिल्याच पोळीला लोखंडी तवा धरून ठेवत असेल, तर तुपाचं बोट लावलेलं फडकं तव्यावरून फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेवढं पुरतं.

एका पोळीला तूप किती?

भाजताना प्रत्येक बाजूला अर्धा लहान चमचा, म्हणजे पोळीला एक लहान चमचा. बारा पोळ्यांना साधारण ६० ग्रॅम धरा. वाढताना वरून घ्यायचं तूप वेगळं, त्याचा हिशोब इथे नाही आणि तो कुणी विचारतही नाही.

तूप पातळ करून वाटीत घ्या. गोठलेला गोळा पोळीवर ठेवला की तो वितळेपर्यंत पसरवायला उलथन्याने रगडावं लागतं, आणि फुगायला लागलेल्या पोळीवर रगडणं म्हणजे तिला भोक पाडणं. चमच्याने मध्यावर सोडा आणि चमच्याच्या पाठीने दाब न देता काठापर्यंत फिरवा. काठ कोरडा राहिला तर तोच आधी कडक होतो.

घरी लोणी कढवून केलेलं तूप असेल तर ते गाळून घ्या. तळाशी राहिलेली बेरी चमच्यातून पोळीवर आली तर ती तव्यावर तुपाच्या आधी जळते, आणि मग पोळी चांगली भाजूनही कडवट वास येतो. तूप खराब आहे असा आरोप होतो, खरं तर ते नीट गाळलेलं नसतं.

टाकल्यापासून उतरवेपर्यंत एका पोळीचा पूर्ण क्रम कसा असतो?

पोळी उचलण्याआधी तिच्यावरची जास्तीची तांदळाची पिठी हलक्या हाताने झटका. पोळी लाटण्यावर गुंडाळून न्या आणि तव्याच्या काठाशी टेकवून उलगडत सोडा. हातावरून आपटली तर तिच्या खाली हवा राहते आणि तेवढा भाग भाजायचा राहतो. टाकल्यावर घडी पडली तर पहिल्या तीन-चार सेकंदांतच ती बोटांनी सरळ करा. त्यानंतर हात लावू नका.

चाळीस सेकंदांनी पहिल्यांदा उलटा. आता वर आलेल्या भाजलेल्या बाजूवर अर्धा चमचा तूप फिरवा. खालची बाजू कोरडी भाजत राहील, तिला साधारण एक मिनिट द्या. याच मिनिटात पोळी फुगते. मग दुसऱ्यांदा उलटा, तुपाची बाजू खाली जाईल आणि चर्र आवाज येईल. आच थोडी कमी करा, वरच्या बाजूला उरलेलं अर्धा चमचा तूप लावा आणि तीस-पस्तीस सेकंद थांबा. शेवटी तिसऱ्यांदा उलटून ही बाजू पंधरा सेकंद तुपावर भाजा आणि उतरवा. एकूण अडीच मिनिटं आणि तीन उलटण्या. यापेक्षा जास्त वेळा उलटलं तर प्रत्येक वेळी सैल झालेलं पुरण आत हिंदकळतं आणि पारीवर ताण येतो.

पोळी झाली की दोन्ही बाजूंना एकसारखे बदामी डाग दिसतात आणि काठ दाबला तर मऊ लागतो. काठ अजून पांढरट, ओलसर दिसत असेल तर पोळी तव्यावर थोडी सरकवून तो भाग दहा सेकंद मध्यावर आणा.

उलटताना फाटते. उलथनं चुकीचं आहे का?

जाड धारेचं, मधे वाकलेलं उलथनं पुरणपोळीला नको. रुंद, पातळ आणि सपाट पात्याचं घ्या, निदान दहा सेंटिमीटर रुंद. ते तव्याला टेकवून, जवळजवळ आडवं ठेवून, पोळीच्या अर्ध्याच्या पुढपर्यंत सरकवा. टोकाशीच उचललं तर पोळीचं सगळं वजन एका चिरेवर येतं. पोळी १०० ग्रॅमची आहे, साध्या पोळीच्या दुपटीहून जड, हे हाताला लक्षात ठेवावं लागतं.

उचलून हवेत फिरवू नका. तव्याच्या कडेला टेकूनच तिला पालथी घाला, पुस्तकाचं पान उलटतो तशी. पुरण मऊ झालं असेल तर मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी वरून आधार द्या.

पोळी टम्म फुगलीच पाहिजे का? फुगत नसेल तर दाबू का?

फुगणं चांगलं लक्षण आहे, पण अट नाही. जाड पुरणाची पोळी पूर्ण फुगत नाही, अर्धी उचलली तरी आतून शिजते. फुगावी म्हणून रोजच्या फुलक्यासारखी फडक्याने दाबली तर वाफ पारीच्या कमकुवत जागेवर एकवटते आणि पुरण तिथूनच येतं. दाबायचंच असेल तर फक्त काठ, तोही दुसऱ्यांदा उलटल्यावर.

एखादी पोळी फुटलीच तर काय करायचं?

फुटलेली बाजू वर असेल तर तिला तशीच वर ठेवा, खाली जाऊ देऊ नका. दुसरी बाजू मंद आचेवर पूर्ण भाजा. मग भोकावर चिमूटभर कोरडी कणीक भुरभुरा, त्यावर तुपाचे दोन थेंब सोडा आणि मग फक्त दहा सेकंद उलटा. कणीक भोक बुजवते आणि पुरण तव्याला लागत नाही. फुटकी बाजू खालीच असताना कळलं तर थांबू नका, उलटून लगेच हाच उपाय करा.

तव्यावर सांडलेलं पुरण मात्र तसंच ठेवून पुढची पोळी टाकू नका. गुळामुळे ते मिनिटभरात जळून काळं आणि चिकट होतं, आणि पुढची चांगली पोळी त्या जागी धरून ठेवून फाडतं. एक पोळी फुटली की मागोमाग तीन फुटतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. आच कमी करा, उलथन्याच्या धारेने खरवडा, ओल्या फडक्याची घडी चिमट्यात धरून एकदा फिरवा, मग कोरड्याने पुसा. तवा पुन्हा तापायला अर्धा मिनिट द्या.

सगळं बरोबर करूनही पुरण पातळ होऊन येतं. मग?

मग चूक तव्यावर नाही, कढईत आहे. गरम पुरण नेहमी सैल दिसतं, म्हणून त्याची परीक्षा दोन टप्प्यांत करावी. कढईत उलथनं पुरणात उभं केलं की ते न पडता उभं राहिलं पाहिजे. आणि वाटलेलं पुरण पूर्ण गार झाल्यावर त्याचा लिंबाएवढा गोळा ताटलीत ठेवला, तर पाच मिनिटांनी त्याचा बूड पसरलेला नसावा.

गोळा पसरला तर पुरण परत कढईत घालून मंद आचेवर परता. वर कोरडं बेसन घालून घट्ट करण्याचा उपाय सांगितला जातो, पण ते कच्चं लागतं. घालायचंच तर तुपावर खमंग भाजलेलं, पाव किलो डाळीला एक मोठा चमचा. डाळीचा कट नीट निथळून घेतला असेल तर ही वेळ येत नाही, शिवाय कटाची आमटीही दाट होते.

पुरण कणकेपेक्षा थोडंच मऊ असावं. पुरण कडक आणि कणीक सैल असेल, तर लाटताना पुरणाचा गोळा जागचा हलत नाही आणि पारीच पातळ होऊन फाटते.

इंदूरच्या चक्कीवरचा आटा चालतो का?

चालतो, फक्त कुठला ते पाहा. माळव्यात दाल-बाफल्यासाठी आटा मुद्दाम रवाळ दळतात आणि तो बऱ्याच घरांत डब्यात असतोच. तो पुरणपोळीला घेतला तर पारी ताणली जात नाही, आणि तव्यावर फोड येण्याऐवजी भेगा पडतात. शरबती किंवा लोकवन गहू बारीक दळून आणा आणि कणीक मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा काढा. कोंड्याचा प्रत्येक कण म्हणजे पारीतलं एक संभाव्य भोक.

३०० ग्रॅम कणकेला साधारण १९० मिलिलिटर पाणी, तीन मोठे चमचे तेल आणि चिमूटभर मीठ. पाणी एकदम घालू नका, शरबती गहू थोडं जास्त पाणी पितो. कणीक तेलाच्या हाताने दहा मिनिटं मळून, झाकून किमान तासभर ठेवा. गोळा ताणल्यावर तुटण्याआधी चार बोटं लांब व्हायला हवा. कणीक हवी तशी ताणली जात नसेल तर त्यात पाव भाग मैदा मिसळायला हरकत नाही. नाक मुरडणारे मुरडतील.

होळीला जमते ती पोळी पोळ्याला का बिघडते?

हवेमुळे. मार्चमध्ये इंदूरची दुपार कोरडी असते. पंख्याखाली लाटलेली पोळी तव्याची वाट बघत दोन मिनिटं पडली तरी वरचा थर सुकतो, आणि तव्यावर त्याला भेग पडते. होळीला कणकेवर ओलं फडकं ठेवा आणि लाटली की लगेच टाका. श्रावण-भाद्रपदात उलटं होतं. गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि उघडं ठेवलेलं पुरण तासाभरात सैल पडतं. पावसाळ्यात पुरण झाकून ठेवा आणि लागेल तेवढेच गोळे बाहेर काढा.

पहिल्या चार पोळ्या छान होतात, नंतर करपतात. का?

तवा तापत राहतो म्हणून. एक पोळी उतरवून दुसरी लाटून होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट तवा रिकामा असतो, आणि जाड तवा तेवढ्यात बराच चढतो. एकटीने लाटून भाजायचं असेल तर पोळी उतरवताच आच अगदी बारीक करा, लाटणं संपत आलं की पुन्हा मध्यम करा. दोघी असतील, एक लाटायला आणि एक भाजायला, तर हा प्रश्नच राहत नाही.

दर दोन पोळ्यांनी तवा कोरड्या सुती फडक्याने पुसा. पिठीचा थर साचला की तो जळतो, धूर येतो, आणि आच जास्त झाली असं वाटून आपण ती उगाच कमी करतो. पाचव्या-सहाव्या पोळीनंतर पुन्हा एकदा पाण्याचे थेंब टाकून बघा.

भाजलेल्या पोळ्या कशा ठेवायच्या?

पहिली दहा मिनिटं एकावर एक रचू नका. आतली वाफ खालच्या पोळीला ओली करते आणि उचलताना तीच फाटते. जाळीवर किंवा सुती कापडावर सुट्या पसरा, कोमट झाल्या की रचा आणि डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी गरम करताना तवा पहिल्या दिवसापेक्षा कमी तापलेला हवा. पाव चमचा तूप लावून झाकण ठेवा आणि प्रत्येक बाजूला चाळीस सेकंद. गार पुरण सावकाश मऊ होतं, घाई केली की बाहेरून कडक आणि आतून थंड.